‘आज’मधला ज आणि ‘आजी’मधला ज: इंग्रजीतल्या तीन आवाजांची वाट

‘आज आजी येणार’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. दोन्ही शब्दांत अक्षर एकच, ज. पण ‘आज’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं आणि आवाज थोडा गुणगुणल्यासारखा येतो. ‘आजी’ म्हणताना जीभ मागे सरकून पसरते, टाळूला चिकटते आणि सुटते. मराठीत हे दोन वेगळे आवाज आहेत, फक्त आपण ते एकाच अक्षराने लिहितो. ताजा आणि ताजी, जरा आणि जिरं, अशा जोड्या घरात दिवसभर कानावर पडत असतात.

इंदूरच्या मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना मी सुरुवात इथूनच करते. इंग्रजीतला झेडचा आवाज परका आहे, तो मुळातून शिकावा लागेल, असं त्यांना वाटत असतं. पण ‘आज’मधल्या ज पासून तो अर्ध्या पावलावर आहे. तरीही ‘ईजी’, ‘बिजी’, ‘जीरो’ का होतं, ते पुढे येईलच.

आधी लिहिण्याची एक सोय करून घेऊ. मराठी छापील मजकुरात झेडसाठी बहुतेक झ वापरतात: झेरॉक्स, झेब्रा, झिंक. पण इंदुरात शाळा हिंदीतून झालेली असते आणि डोळ्याला हिंदी झ ची सवय असते. त्यामुळे आपली मुलं ‘झू’ वाचताना ‘झूला’मधला झ म्हणतात आणि तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. इंग्रजी आवाजात असा झोत नसतो. म्हणून इथे मी हिंदीतला खाली टिंब असलेला ज़ घेते. तो म्हणजे झेडचा आवाज. तिसरा आवाज, ‘टेलिव्हिजन’ या शब्दाच्या मध्ये येणारा, त्याच्यासाठी झ़ लिहीन. दोन्हींत हवेचा झोत नाही, हे लक्षात ठेवा. हाताचा पंजा ओठांसमोर धरा. ‘झाड’ म्हणताना पंजावर जसा फुगा फुटतो तसा ज़ म्हणताना फुटला, तर तो ज़ नाही.

पहिली पायरी: आपल्या तोंडात आधीच काय आहे ते बघा

‘जरा बाजारात जा’ हे वाक्य घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला म्हणायला सांगा. मग तुम्ही म्हणा. राजेंद्रनगर किंवा रामबागेतल्या जुन्या मराठी घरांत आजीआजोबांचे तिन्ही ज दातांजवळचे येतात. नातवंडांचे मात्र बऱ्याचदा टाळूवरचे, हिंदीसारखे, ऐकू येतात. यात चूक काही नाही. दिवसभर शेजारी, दुकानात, वर्गात हिंदी बोलल्यावर असं होतंच. पण तुमचे तिन्ही ज ‘जीरावन’मधल्या ज सारखे येत असतील, तर आधी आजीच्या मागोमाग आठवडाभर हे वाक्य म्हणा. इंग्रजीच्या दृष्टीने हा आठवडा सर्वांत उपयोगाचा ठरतो, कारण कानाला दोन ज वेगळे ऐकू आल्याशिवाय जीभ ते वेगळे करू शकत नाही.

दुसरी पायरी: ज मधला अडथळा काढा

‘आज’ म्हणताना टोक दातांमागे क्षणभर टेकतं, हवा अडते आणि मग घासत सुटते. ज़ मध्ये टेकणं नाही, फक्त घासणं आहे. टोक अगदी जवळ नेऊन थोडी फट ठेवायची आणि हवा सतत सोडायची.

हे थेट जमलं नाही तर स पासून या. ‘सऽऽऽ’ असा लांब स धरा आणि दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवा. काहीच थरथरत नाही. आता जीभ, ओठ, जबडा जराही न हलवता गळ्यातून सूर लावा, तंबोऱ्यासोबत ‘सा’ लावताना लावतो तसा. बोटांखाली थरथर सुरू झाली आणि तोंडातून भुंग्यासारखा आवाज आला की तो ज़. दोन्ही कानांवर तळवे दाबून केलंत तर डोक्यात घूं घूं ऐकू येतं, त्यामुळे शंका उरत नाही. मग एकाच श्वासात बदलत राहा: सऽऽ ज़ऽऽ सऽऽ ज़ऽऽ. बदल फक्त गळ्यात झाला पाहिजे.

चूक ओळखायची एक साधी परीक्षा आहे. आवाज लांबवून बघा. ज़ श्वास संपेपर्यंत लांबवता येतो. ज लांबवताच येत नाही, तो एकदा सुटला की मागे नुसता स्वर उरतो. तुमचा ‘ज़ऽऽ’ एका क्षणात ‘जअऽऽ’ झाला, तर जीभ अजून टेकते आहे.

तिसरी पायरी: ई आणि ए चा सापळा

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपण मराठी माणसं नेमकी इथेच अडतो. आपल्या भाषेचा नियम असा, की ज च्या पुढे ई किंवा ए आला की तो बहुधा टाळूवर जातो. म्हणून ताजाचं ताजी करताना ज बदलतो आणि आपल्याला कळतही नाही. ई म्हणायला जीभ वर पसरावी लागते, ती आधीच पसरायला लागते आणि ज ला सोबत ओढून नेते. इंग्रजी बोलताना हाच नियम गुपचूप लागू होतो. त्यामुळे ज्यांना ‘हज़्बंड’ आणि ‘रिज़ल्ट’ नीट म्हणता येतं, तीच माणसं ‘ईजी’, ‘बिजी’, ‘म्युजिक’, ‘विजिट’, ‘फिजिक्स’, ‘जीरो’ म्हणतात. ज़ येत नाही म्हणून हे होत नाही. ज़ येतो, फक्त ई च्या शेजारी तो तग धरत नाही.

ही ओढ किती जुनी आहे ते बघायचं तर ‘शिनेमा’ म्हणणारी जुनी माणसं आठवा. तिथे ई ने स ला ओढून श केलं आहे.

यातून सुटायलाही स च मदतीला येतो. ‘सीमा’ किंवा ‘सीता’ म्हणताना आपला स ई समोर असूनही जागेवर राहतो. मग ‘सीऽऽ’ म्हणा आणि परत म्हणताना सुरुवातीपासून गळा चालू ठेवा: ‘ज़ीऽऽ’. सीमा, ज़ीमा. सीता, ज़ीता. अर्थ नसलेले शब्द मुद्दाम घ्यायचे, कारण ओळखीचा शब्द दिसला की जीभ जुन्या सवयीवर जाते. दहा-पंधरा वेळा सरळ आलं की मग ‘ज़ीरो’. ‘ईज़ी’सारख्या शब्दात ज़ मध्ये येतो, तिथे तो खोटा वाटेल इतका लांबवा: ‘ईज़ज़ज़ज़’, आणि मग हळूच ‘ई’. आधी ज़ पूर्ण होऊ द्यायचा, ई नंतर. पहिले चार दिवस हे हास्यास्पद वाटेल एवढं लांब असू दे. लांबी नंतर आपोआप कमी होते.

चौथी पायरी: झेड दिसत नाही तिथला ज़

माझी भाची इंदूरलाच हिंदी माध्यमात शिकली. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजीत मुलाखत द्यायची होती. मी तिला तीन वाक्यं लिहून दिली आणि फोनवर तिचं वाचन रेकॉर्ड केलं. पहिल्या दिवशीचं असं होतं:

‘माय कजिन इस बिजी. ही रन्स अ स्मॉल बिजिनेस निअर द जू. ॲस युजुअल, ही मेजर्स द सुगर हिमसेल्फ.’

माझा चुलतभाऊ कामात आहे, तो प्राणिसंग्रहालयाजवळ छोटा धंदा करतो, नेहमीप्रमाणे साखर तो स्वतः मोजतो, इतकाच मजकूर. मी तिला म्हटलं, यात आठ ठिकाणी ज़ आहे, शोध. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, “मावशी, झेड तर एकाच शब्दात आहे!”

तिचं बरोबर होतं. झेड फक्त ‘ज़ू’ मध्ये आहे. बाकी सात ठिकाणी स्पेलिंगमध्ये एस आहे आणि आवाज ज़ चा. कज़न, इज़, बिज़ी, रन्ज़, बिज़नस या शब्दातला पहिला एस, ॲज़, आणि मेझ़र्ज़ या शब्दाच्या शेवटचा. ‘झेड दिसला की ज़ म्हणायचं’ असं ठरवणारा माणूस म्हणूनच आठातल्या सात जागा चुकतो. ‘इस’, ‘वॉस’, ‘हॅस’, ‘दीस’, ‘बिकॉस’, ‘प्लीस’ हे शब्द दर दुसऱ्या वाक्यात येतात, आणि स्पेलिंगने फसवलेले आपण तिथे स म्हणत राहतो. ज च्या चुकीइतकी ही कानाला टोचत नाही, पण संख्येने ती कितीतरी मोठी आहे. इज़, वॉज़, हॅज़, डज़, दीज़, दोज़, बिकॉज़, प्लीज़ हे आठ शब्द आधी पक्के केले, तर एवढ्यानेच बोलणं बरंच बदललेलं ऐकू येतं.

अनेकवचनाच्या आणि क्रियापदाच्या शेवटच्या एससाठी मात्र पाठांतर लागत नाही. आधीच्या आवाजात गळा चालू असेल तर ज़, बंद असेल तर स. ‘बॅग’मधल्या ग ला गळा थरथरतो, म्हणून बॅग्ज़. ‘बुक’मधल्या क ला थरथरत नाही, म्हणून बुक्स. स्वरानंतर गळा चालूच असतो, म्हणून डेज़, शूज़. क, प, ट, फ आणि ‘मंथ’मधला शेवटचा आवाज, एवढ्यांनंतर स. आणि शब्द आधीच स, ज़, श, च, ज अशा आवाजाने संपत असेल तर मध्ये छोटा इ येऊन ‘इज़’ लागतो: बसिज़, डिशिज़, कॉलेजिज़.

शब्दाच्या शेवटचा ज़ इंग्रज माणूसही फार जोराने गुणगुणत नाही, तो जवळजवळ विरतो. मग ‘आइस’ आणि ‘आइज़’, बर्फ आणि डोळे, त्यांना वेगळे कसे कळतात? मुख्यतः आधीच्या स्वरावरून. ज़ च्या आधीचा स्वर लांब असतो, स च्या आधीचा तोकडा. म्हणून शेवटच्या ज़ वर जोर देत बसू नका, त्याच्या आधीचा स्वर ताणा. ‘प्राइस’, किंमत, झटक्यात संपवा. ‘प्राऽइज़’, बक्षीस, सावकाश. भाचीचा शेवटचा ज़ आठवडाभर ‘ज़्अ’ असा, मागे अ चिकटून येत होता. स्वर ताणायला सांगितल्यावर ते शेपूट गळून पडलं.

पाचवी पायरी: श, आणि त्याचा गळा चालू केलेला भाऊ

तिच्या वाचनात ‘सुगर’ही होतं. श हा मराठीला परका नाही. साप आणि शाप यांत आपण घोटाळा करत नाही. पण माळव्यात ‘सहर’, ‘सादी’ कानावर पडतं, बडोद्याकडच्या नातेवाइकांच्या बोलण्यातही कधी श चा स होतो, आणि काही मुलांच्या जिभेवर तेच बसतं. उपाय सोपा आहे. सऽऽ धरून जीभ हळूहळू मागे ओढा आणि ओठ किंचित गोल करा. शिट्टीसारखा बारीक आवाज जाड होत जातो आणि तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा होतो. तिथे थांबा, तो श. मग साप-शाप, साल-शाल, आणि त्यानंतर इंग्रजी जोड्या: सीट-शीट, सेव्ह-शेव्ह, साइन-शाइन. ‘शुगर’ आणि ‘शुअर’ हे दोन शब्द वेगळे लिहून ठेवा. त्यांच्या सुरुवातीला नुसता एस असून श म्हणायचा, असे रोजच्या वापरातले शब्द फारसे नाहीत.

आता झ़. स चा गळा चालू केला की ज़ झाला होता. तसाच श चा गळा चालू केला की झ़ होतो. जीभ श च्या जागी, ओठ श सारखे गोल, फक्त सूर. शऽऽ झ़ऽऽ शऽऽ झ़ऽऽ. परीक्षा तीच, लांबवता आला पाहिजे. आपण ‘मेजर’ म्हणतो तेव्हा त्यातला ज लांबत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला मोजणं नाही तर सैन्यातला हुद्दा ऐकू येतो. दोन्हींतला स्वरही वेगळा आहे: मोजण्याच्या ‘मेझ़र’मध्ये ए आखूड, हुद्द्याच्या ‘मेजर’मध्ये लांब आणि शेवटी य कडे झुकणारा.

हा आवाज इंग्रजीत सर्वांत कमी येणाऱ्या व्यंजनांपैकी आहे, आणि माझं मत असं की सुरुवातीला त्याच्यामागे फार वेळ घालवू नये. महिनाभर ‘टेलिविज़न’ आणि ‘यूज़ुअल’ असा नुसता ज़ आला तरी चालेल, समोरच्याला कळतं. ‘युजुअल’मधल्या ज पेक्षा ते कानाला बरं लागतं. आधी ज़ घट्ट करा.

झ़ कुठे म्हणायचा हे मात्र ऐकून पाठ करण्यापेक्षा स्पेलिंगवरून चांगलं कळतं. शब्दाच्या शेवटी एस-आय-ओ-एन असेल आणि त्याच्या आधी स्वराचं अक्षर असेल तर झ़: विझ़न, डिसिझ़न, कन्फ्यूझ़न. आधी एन, एल किंवा दुसरा एस असेल तर श: टेन्शन, पेन्शन, मिशन, डिस्कशन. हे चारही शब्द आपण मराठीत रोज बरोबर म्हणतो, त्यामुळे दुसरी बाजू तुम्हाला येतेच. टी-आय-ओ-एन असेल तर जवळजवळ नेहमी श, पण गणितातलं ‘इक्वेझ़न’ त्याला अपवाद, आणि आधी एस असेल तर च: क्वेश्चन. मेझ़र, प्लेझ़र, ट्रेझ़र यांत एक एस आहे म्हणून झ़, ‘प्रेशर’मध्ये दोन एस आहेत म्हणून श.

रोज किती, आणि पुढे काय बिघडतं

भाची सकाळी दहा मिनिटं बसायची. पहिली पाच मिनिटं नुसते आवाज, सऽऽ ज़ऽऽ आणि शऽऽ झ़ऽऽ, पुढची पाच मिनिटं ती तीन वाक्यं. रेकॉर्ड केलेलं लगेच ऐकायचं नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं की आपण जे म्हणायचं ठरवलं होतं तेच कानाला ऐकू येतं. एका रात्रीनंतर जे म्हटलं ते ऐकू येतं. तिच्या आठ ज़ पैकी सर्वांत आधी ‘ज़ू’ सुधारला, मग ‘इज़’ आणि ‘ॲज़’. ‘बिज़ी’ला दोन आठवडे लागले, म्हणजे ई चा सापळा शेवटपर्यंत टिकला. ‘बिज़नस’ त्यापेक्षा लवकर आला, कारण त्यात ज़ च्या पुढे ई नाही, थेट न आहे. ती ‘बिजिनेस’ म्हणत मध्ये इ घालत होती, तो काढल्यावर ज़ आपोआप नीट बसला.

तिसऱ्या आठवड्यात नवीनच गोष्ट झाली. ती ‘प्रोज़ेक्ट’, ‘मॅनेज़र’ आणि ‘इंज़ीनिअर’ म्हणू लागली. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, आणि आवाज जिभेला सापडल्याची ती खूण आहे, पण तिथेच सोडलं तर ही चूक कायमची बसते. यावरचा नियम सरळ आहे. इंग्रजी शब्दात ‘जे’ हे अक्षर असेल तर ज, ज़ नाही: जॉब, जस्ट, प्रोजेक्ट. डी-जी-ई असेल तरी ज: ब्रिज, जज. जी च्या पुढे ई किंवा आय येऊन ज वाटत असेल, तरी बहुतेक वेळा साधा ज: मॅनेजर, इंजिनिअर. इथे ‘आजी’मधला ज हवा आणि तो आपल्याला जन्मापासून येतो. ‘गराझ़’ आणि ‘बेझ़’, म्हणजे गाडीघर आणि फिकट बदामी रंग, असे फ्रेंचमधून आलेले काही शब्द मात्र झ़ घेतात.

दोन्ही आवाज एकाच शब्दात किंवा एका दमात आले की गोंधळ परत येतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात मी तिला तेच दिलं: जीन्ज़, कॉलेजिज़, ऑरेंजिज़, ‘रीज़नेबल चार्जिज़’, ‘ही इज़ जस्ट बिज़ी’. यातलं शेवटचं वाक्य सर्वांत अवघड आहे. ‘इज़’चा ज़ लांबवून लगेच ‘जस्ट’साठी जीभ टाळूला टेकवावी लागते, आणि मग ‘बिज़ी’त पुन्हा दातांजवळ आणून ई समोर तिथेच धरून ठेवावी लागते. ते सावकाश, तीन तुकड्यांत म्हणा: इज़ज़, जस्ट, बिज़ज़ई. तुकडे स्वच्छ आले की मधली जागा रोज थोडी कमी करा.